तुरीचे सोले बाटलीत भरताना

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायका संत्र्याचा मुरंबा करतात. काचेच्या बाटल्या भरायच्या, झाकण लावायचं, मोठ्या गंजात पाण्यात बुडवून अर्धा तास उकळायच्या. वर्षभर काही होत नाही. डिसेंबरात ओली तूर आली तशी त्यांच्या मनात आलं की सोलेही मिठाच्या पाण्यात असेच भरावेत. नागपूर-पुण्याकडच्या लोकांना उन्हाळ्यात सोल्यांची भाजी खायला मिळेल. मी त्यांना थांबवलं, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "भाऊ, मुरंबा टिकते, मंग सोले काहून नाही टिकणार? अर्धा घंटा उकयतो नं आम्ही."

संत्रं आंबट आहे, सोले नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा मातीतला जिवाणू ४.६ पेक्षा कमी पीएच असलेल्या आंबट पदार्थात वाढू शकत नाही. मुरंब्यात त्याचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी त्याची कवचबंद रूपं, जिवंत राहिले तरी झोपलेलेच राहतात. सोल्यांचा पीएच सहाच्या वर असतो, आणि तिथे ते जागे होतात.

अर्धा तास उकळल्याने तर त्यांची सोयच होते. साधे जंतू मरतात, म्हणजे अन्नात वाटेकरी उरत नाही. बाटलीतली हवा निघून जाते, आणि या जिवाणूला प्राणवायू नसलेलीच जागा लागते. वर त्याला सगळ्यात मानवणारं तापमान ३५ ते ३७ अंश, म्हणजे आपल्याकडच्या मार्चमधल्या दुपारी घरातल्या फळीवर असतं तेवढंच. वाढताना तो जे विष सोडतो त्याने आधी एकाचे दोन दिसतात, पापण्या खाली येतात, घास गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. झाकण फुगलं किंवा वास आला तर बाटली फेकायचीच, पण फुगली नाही म्हणून ती चांगली आहे असं समजता येत नाही.

मग किती उकळायचं? हा प्रश्न अमेरिकेत फार महागात सुटला. १९१९-२० मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या काळ्या ऑलिव्हच्या बाटल्यांमुळे अनेक माणसं दगावली. त्यानंतर एस्टी आणि मायर या दोघा संशोधकांनी बीजाणू काचेच्या बंद नळ्यांत घालून ठरावीक तापमानाला ठेवले. ठरावीक वेळांनी एकेक नळी काढायची, उबेत ठेवायची आणि आत काही वाढतं का ते बघायचं. ज्या वेळेनंतर एकाही नळीत काही वाढत नाही, तो त्या तापमानाचा उष्णता-मृत्यूकाळ. १९२२ मध्ये त्यांनी आकडे छापले. १०० अंशांना तो काळ आला ३३० मिनिटं. साडेपाच तास.

पण हा काळ सुरुवातीला बीजाणू किती होते त्यावर अवलंबून असतो. त्यांच्या नळ्यांत अब्जावधी होते. म्हणून डी मूल्य जास्त कामाचं. एका ठरावीक तापमानाला दहातले नऊ बीजाणू मरायला जितकी मिनिटं लागतात, ते डी मूल्य. हजार असतील तर एका डी मध्ये शंभर उरतात, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात एक. पुढे शून्य येत नाही, एकाच्या दहाव्या भागाची शक्यता येते: अशा दहा बाटल्या असतील तर एकीत एक बीजाणू जिवंत. कॅनिंगवाल्यांनी म्हणून बारा डी इतकी उष्णता द्यायचं ठरवलं. प्रत्येक बाटलीत एक बीजाणू धरला, तर एक लाख कोटी बाटल्यांत एखाद्या बाटलीत तो वाचेल.

बोट्युलिनमसाठी १२१.१ अंशांना डी मूल्य सुमारे ०.२१ मिनिट धरतात. बारा डी म्हणजे अडीच मिनिटं. उद्योगात किमान तीन मिनिटं धरतात.

आता झेड मूल्य. डी दहापट व्हायला किंवा दहावा भाग व्हायला तापमान किती अंश बदलावं लागतं, ते झेड. या बीजाणूंसाठी ते सुमारे १० अंश आहे. म्हणजे १११ अंशांना डी २.१ मिनिटं, १०१ ला २१, १०० ला साधारण २७. सत्तावीस बारा वेळा घेतले की ३२४ मिनिटं होतात, एस्टी-मायर यांच्या आकड्याच्या अगदी जवळ.

विदर्भात आणखी एक गोष्ट आडवी येते. नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, तिथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. एकच अंश कमी, पण डी ३४ मिनिटांवर जातो. गटाचा अर्धा तास म्हणजे पुरता एक डीही नाही: हजारातले सव्वाशेवर बीजाणू जिवंत. तेही बाटलीचा मध्य पहिल्या मिनिटापासून ९९ अंशांना होता असं धरून, जे कधीच होत नाही. चिखलदऱ्याला, हजार मीटरच्या वर, पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. तिथे बारा डी साठी तेरा तासांवर लागतील. इतकं उकळल्यावर सोल्यांचा लगदाच होईल.

म्हणूनच कारखान्यात रिटॉर्ट असतो, वाफेच्या दाबाखाली चालणारं जाड भांडं. तिथेही घड्याळ रिटॉर्टच्या तापमानावर लावून चालत नाही. बाटलीत सगळ्यात उशिरा तापणाऱ्या जागी तापमापकाची तार बसवून मोजावं लागतं. समजा त्या जागी १११ अंश पाच मिनिटं मिळाले. तिथे बीजाणू मरण्याचा वेग १२१ अंशांच्या वेगाचा दहावा भाग, म्हणजे १२१ च्या हिशोबात जमा झालं अर्धं मिनिट. ११६ ला पाच मिनिटं, वेग ०.३१, जमा दीड मिनिट. ११९ ला चार मिनिटं, वेग ०.६२, जमा अडीच. एकूण साडेचार मिनिटं, तीनपेक्षा बरीच जास्त. आता रिटॉर्टचा तापमापक दोन अंश जास्त दाखवत होता असं धरा. प्रत्येक वेग ०.६३ पट होतो आणि साडेचारचे २.८ उरतात. बाहेरून दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. सोले गच्च भरले, पाणी कमी पडलं किंवा भांड्यात हवा अडकली तरी हाच घोटाळा होतो. पातळ पाणी बाटलीत फिरतं आणि उष्णता आत नेतं. वांग्याच्या भरतासारख्या घट्ट पदार्थात ती हळूहळू झिरपते, म्हणून सोल्यांची वेळ भरताला लावता येत नाही.

"कुकर चालते का मंग?" हा पुढचा प्रश्न होता. कुकरमध्ये दाबाने तापमान १२० च्या जवळ जातं हे खरं, पण बाटलीच्या मध्यात किती मिनिटं किती अंश झाले हे शिट्ट्या सांगत नाहीत. मोजल्याशिवाय बेरीज मांडता येत नाही, म्हणून मी नाही म्हणालो.

शेवटी आम्ही लिंबाच्या रसात सोले घातले. आंबटपणा दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून काही दिवसांनी दाणे रसासकट वाटून पीएच मोजला. ४.१ आला. आता त्यांचा जुना गंज आणि अर्धा तास पुरेसा आहे. ताईंनी एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "हे तं लोणचं झालं. भाजीचे सोले फ्रीजरातच ठेवू."