महिन्याच्या एक्यूआय तक्त्यातून फिरायला जायचे दिवस कसे मोजायचे

कुणीतरी ग्रुपवर महिन्याच्या एक्यूआयच्या, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाच्या, तक्त्याचा स्क्रीनशॉट टाकतं आणि सगळे खालची सरासरी बघून म्हणतात, चला, मध्यम आहे, हरकत नाही. पण सरासरीवरून कुठल्या दिवशी बाहेर पडायचं ते कळत नाही, दिवस मोजावेच लागतात.

आपल्याकडच्या राष्ट्रीय निर्देशांकात ५० पर्यंत चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिखराब आणि त्यावर गंभीर. कागदावर हे सहा रकाने पाडा आणि एकेका तारखेचा आकडा बघून रेघ मारत जा. रंगावर जाऊ नका, कारण बरेच अ‍ॅप अमेरिकन स्केल वापरतात आणि तिथे १६० ला लाल रंग असतो, आपल्याकडे तोच आकडा पिवळा, म्हणजे मध्यम. १०० आणि १०१ सारख्या काठावरच्या आकड्यांकडे दोनदा बघा.

उदाहरणादाखल नोव्हेंबर धरू. समाधानकारक ४, मध्यम १७, खराब ६, बेरीज झाली २७, पण महिना ३० दिवसांचा. म्हणजे ३ दिवस कुठे गेले ते शोधायचं, एकतर आपण ओळ चुकवली, नाहीतर स्क्रीनशॉट खालून कापला गेलाय, नाहीतर त्या तारखांना आकडाच नाही. हवा मोजणाऱ्या केंद्रावर २४ तासांपैकी किमान १६ तासांची नोंद नसेल तर त्या दिवसाचा आकडा काढतच नाहीत. असे कोरे दिवस चांगल्यात ढकलू नका, ते वेगळे लिहा आणि हिशेब २७ वर करा.

आता गंमत बघा, याच मोजणीची दोन उत्तरं निघतात. तब्येतीने ठणठणीत माणसाला ४ आणि १७ मिळून २१ दिवस धावायला मिळतात. पण दमा असलेल्या आईसाठी मध्यम हवासुद्धा त्रासाची, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यातच तसं लिहिलंय, फुफ्फुसाचे किंवा हृदयाचे आजार असलेले, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना त्रास होऊ शकतो. तिच्यासाठी त्यातल्या त्यात बरे दिवस फक्त ४. म्हणून आधी कुणासाठी मोजतोय ते ठरवा.

अजून एक, मंडळाचं रोजचं बुलेटिन दुपारी ४ ला निघतं आणि त्यात मागच्या २४ तासांची सरासरी असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे फटाके त्यात दुसऱ्या दिवशीच्या तारखेला दिसतात. शिवाय सरासरीत पहाट लपते, थंडीत रात्री जमिनीजवळची हवा गार होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते, धूर वर जात नाही, त्यामुळे मध्यम दिवसाची सकाळी ६ ची हवा बऱ्याचदा त्या आकड्यापेक्षा वाईट असते. त्या १७ दिवसांत फिरायचंच असेल तर ऊन चढल्यावर, ९-१० नंतर निघा, आणि निघण्याआधी जवळच्या केंद्राचा तासाचा पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा आकडा, बघून घ्या.