शोध कोरा आला, तरी बोजा असू शकतो

“दुय्यम निबंधकाकडचा शोध कोरा आलाय. म्हणजे प्लॉट निर्वेध. इसार देऊ ना?”

थांबा. त्या कार्यालयात फक्त नोंदलेले दस्त सापडतात, तेही अर्जात लिहिलेल्या गावाचे, नंबराचे आणि वर्षांचे.

समजा, गट २१४ मध्ये २००९ साली प्लॉट पाडले. तुम्ही शोध मागितला ‘प्लॉट १२’चा. पण मूळ मालकाने १९९८ मध्ये अख्खा गट गहाण टाकला होता. ते गहाणखत निबंधकाकडच्या दस्तांच्या यादीत, म्हणजे सूची दोनमध्ये, ‘गट २१४’ म्हणूनच राहणार. उत्तर कोरं, आणि त्यात कारकुनाची काही चूक नाही! म्हणून जुने फेरफार काढून आधीचे सगळे नंबर अर्जात लिहा, वर्षं तीस घ्या.

दुसरी फट बँकेची. मूळ खरेदीखत बँकेत ठेवून कर्ज घेतलं, तर त्याची सूचना निबंधकाकडे देण्याची सक्ती महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून आली. त्याआधीचं असं गहाण शोधात दिसेलच असं नाही. विकणारा सारखी झेरॉक्सच पुढे करत असेल, तर मूळ खत हातात घेऊन बघितल्याशिवाय इसार देऊ नका. ‘हरवलं’ म्हणाला, तर मी तरी तिथूनच परत फिरेन.