खंडित कालमालिका विश्लेषण (रुग्णालयीन धोरणांचे मूल्यमापन)

एखादा निर्णय सगळीकडे एकाच दिवशी लागू झाला, आणि तो लागू न झालेले तोलामोलाचे दुसरे रुग्णालय तुलनेला उरलेच नाही, तर त्याचा परिणाम मोजण्याची ही संख्याशास्त्रीय पद्धत आहे. तुलना रुग्णालयाच्या स्वतःच्याच भूतकाळाशी होते. जुना कल तसाच पुढे चालला असता तर आकडे कुठे असते, याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षातले आकडे त्याच्याशी ताडून पाहायचे.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयाबाहेर राहिली, पण तुलनेसाठी ती चालत नाहीत. तिथे गुंतागुंतीचे रुग्ण जातात. शिवाय शुल्कमाफीमुळे तिथलेच काही रुग्ण तालुक्याच्या दवाखान्याकडे वळू शकतात.

बीड जिल्ह्यातले एक उपजिल्हा रुग्णालय कल्पनेने घेऊ. पुढचे ओपीडीचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. ऑगस्ट २०२१ ते जुलै २०२३ हे आधीचे २४ महिने. ऑगस्ट २०२३ अर्धा जुना, अर्धा नवा, म्हणून तो वगळला. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२५ हे नंतरचे २४ महिने. महिन्याची बेरीज न घेता कामाच्या दिवसाची सरासरी घ्यावी, नाहीतर दिवाळीच्या सुट्ट्याच घट म्हणून दिसतात. समीकरण असे:

```
Y_t = b0 + b1·t + b2·D_t + b3·(t − 26)·D_t
```

`Y_t` ही त्या महिन्यातली कामाच्या दिवसाची सरासरी ओपीडी. `t` हा महिन्याचा क्रमांक. ऑगस्ट २०२१ म्हणजे १, सप्टेंबर २०२३ म्हणजे २६. `D_t` निर्णयाआधी ०, नंतर १. `b0` ही रेषेची सुरुवात, `b1` हा जुना कल, `b2` ही सप्टेंबरमधली उडी, `b3` हा कलातला बदल.

समजा आधीची रेषा ३०० पासून निघून दरमहा २ रुग्णांनी चढत होती. मग आधीची सरासरी ३२५. नंतरची प्रत्यक्ष सरासरी ४०५ आली, तर ‘शुल्कमाफीने ८० रुग्ण वाढले’ असा अहवाल लगेच तयार होतो. पण जुनाच कल पुढे नेला तर नंतरच्या काळाची सरासरी ३७५ भरते. म्हणजे ५० रुग्ण कुठल्याही निर्णयाविना वाढलेच असते. निर्णयाच्या खात्यावर फार तर ३० जातात.

दोन्ही बाजूंना पूर्ण वर्षे घ्यायची ती ऋतूंमुळे. पावसाळ्यात तापाच्या साथींनी ओपीडी भरते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळा लागताना परततात, आणि तोवर कित्येक वस्त्यांत म्हातारी माणसे आणि काही मुलेच उरतात. आधीचे सहा आणि नंतरचे सहाच महिने घेतले तर नंतरच्या बाजूला बहुतेक स्थलांतराचेच महिने येतात आणि खरी वाढही झाकली जाते. म्हणून समीकरणात ऋतूचे पद घालतात. लागोपाठचे महिने एकमेकांसारखे असतात, हेही पाहावे लागते. हे सारखेपण मोजणारा डर्बिन-वॉटसन आकडा २ पेक्षा बराच खाली आला, तर साधी गणिते अनिश्चितता कमी दाखवत असतात. अशा वेळी न्यूई-वेस्ट पद्धतीने प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाजांतली अनिश्चितता, पुन्हा काढाव्यात.

याहून अवघड प्रश्न त्याच सुमारास घडलेल्या इतर गोष्टींचा. सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनात मराठवाड्यातली एसटी वाहतूक विस्कळीत झाली. त्या वर्षी पाऊसही कमी झाला. गाडीच नसेल तर फुकटच्या केसपेपरसाठी कोण येणार? `b2` नेमका सप्टेंबरवर टेकलेला असल्याने उडी खोटी लहान दिसते आणि पुढे वाहतूक सुरळीत झाली की कल खोटा चढता दिसतो. आठवड्यांचे आकडे मांडले की हे खड्डे उघडे पडतात.

इथे माझ्या मते सर्वांत उपयोगी म्हणजे त्याच रुग्णालयातली, शुल्काशी संबंध नसलेली दुसरी मालिका. प्रसूती हे त्याचे चांगले उदाहरण. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयातली प्रसूती २०११ पासूनच मोफत आहे, त्यामुळे या निर्णयाने तिच्यात थेट उडी येण्याचे कारण नाही. गावातून मजूर गेले, डॉक्टरांची बदली झाली, तर मात्र तिच्यावरही परिणाम होतो. ओपीडी वाढली आणि प्रसूती जुन्याच रेषेवर राहिल्या, तर शुल्कमाफीचा दावा बळकट होतो. दोन्ही एकदम उसळल्या, तर कारण दुसरीकडे शोधावे. एसटी बंदचा धक्का मात्र ही मालिका नीट पकडत नाही, कारण बाळंतिणीसाठी १०२ ची रुग्णवाहिका असते.

मोजणी बदलली असेल तर कुठलेही समीकरण वाचवत नाही. पूर्वी फेरतपासणीला जुनाच केसपेपर चालत असेल आणि शुल्क गेल्यावर दरवेळी नवा फाडला जात असेल, तर माणसे तेवढीच राहून नोंदी वाढतात. ही उडी आलेखात अगदी स्वच्छ दिसते, म्हणूनच ती फसवते. नव्या आणि जुन्या रुग्णांची नोंद वेगळी असेल, तर फक्त नव्या रुग्णांची मालिका काढून पाहावी. नोंद वेगळी नसेल, तर नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनाला विचारल्याशिवाय `b2` वर विश्वास ठेवू नये.