हर्पिस आहे म्हणजे सिझरच?

"आईला खाली हर्पिस असेल तर बाळाला होणारच, सिझरशिवाय पर्याय नाही."

नाही, असं नाहीये. खरा प्रश्न आहे हर्पिस पहिल्यांदा कधी झाला. समजा एखादीला चार वर्षांपूर्वी झालाय, वर्षातून एकदा फोड येतात, तर तिच्या रक्तात अँटीबॉडीज तयार असतात आणि त्या वारेतून बाळाकडेही जातात, त्यामुळे डिलिव्हरीच्या वेळी फोड असले तरी नॉर्मलमध्ये बाळाला लागण होण्याचं प्रमाण साधारण 1 ते 3 टक्केच. पण तिसऱ्या तिमाहीत, त्यातही शेवटच्या आठवड्यांत पहिल्यांदाच झाला तर अँटीबॉडीज बनायला वेळच मिळत नाही, मग हेच प्रमाण 30 ते 50 टक्क्यांवर जातं. तिथे सिझरच सुचवतात.

जुना आहे की नवा हे कसं कळणार? फोडाचा स्वॅब पीसीआरला आणि सोबत रक्तातली आयजीजी टेस्ट, म्हणजे हर्पिसच्या दोन टाइपपैकी कुठल्या टाइपच्या अँटीबॉडीज आहेत ते बघणारी. स्वॅबमध्ये सापडलेल्या टाइपची आयजीजी आधीच पॉझिटिव्ह असेल तर इन्फेक्शन जुनं.

वर म्हटलेल्या जुना हर्पिस असलेल्या बाईला डॉक्टर साधारण 36व्या आठवड्यापासून हर्पिसवरचं औषध असायक्लोव्हिर 400 मिग्रॅ दिवसातून तीनदा देतात, डिलिव्हरीपर्यंत. त्याने ऐनवेळी फोड येणं बरंच कमी होतं, शून्य नाही. म्हणून कळा सुरू झाल्या की नीट तपासतात, फोड नाही, जळजळ-मुंग्या नाहीत तर नॉर्मल, असतील तर बहुतेक डॉक्टर सिझर सुचवतात. तेव्हा थोडी जळजळ असली तरी लाजू नका, सांगाच.

आणि पहिल्या सहा आठवड्यांत बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, ताप, फोड किंवा झटके आले तर त्याच दिवशी दाखवा.