पास होणं वेगळं, नंबर काढणं वेगळं

सिंहस्थ २०२७ जवळ आल्यापासून नाशकात निविदा निघायला लागल्या आणि त्याबरोबर एक प्रश्न चहाच्या टपरीपर्यंत पोचला: "तांत्रिकमध्ये ९० गुणवाला बाजूला आणि ७२वाल्याला काम! काहीतरी शिजलं असणार." शिजलंही असेल. पण निव्वळ एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही.

दोन लिफाफे सगळ्यांना माहीत आहेत: पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. घोळ होतो तो पहिल्या लिफाफ्यातल्या गुणांचं पुढे काय होतं, यावर.

समजा गटार आणि काँक्रीट रस्त्याचं ९ कोटींचं काम आहे. पात्रतेची रेघ ७० गुणांची. अ ला ७२ गुण, दर ९ कोटी. ब ला ९० गुण, दर ९ कोटी ४५ लाख. क ला ९५ गुण, दर ९ कोटी ९० लाख.

बांधकामांच्या निविदांत सहसा चालणारी रीत एल-वनची, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्याला काम. रेघ ओलांडली की तांत्रिक गुण संपले, पुढे फक्त दर. काम अ ला. इथे ७२ आणि ९५ यांत काडीचा फरक नाही, दोघेही नुसते पास.

दुसरी रीत क्यूसीबीएस, म्हणजे गुणवत्ता आणि दर यांची बेरीज. तांत्रिकला ३० टक्के, दराला ७० टक्के वजन धरू. सर्वांत कमी दराला पूर्ण १००. इतरांसाठी कमी दर भागिले त्यांचा दर, गुणिले १००. त्यामुळे ब चे दराचे गुण ९५.२४ आणि क चे ९०.९१. वजन लावल्यावर अ ९१.६०, ब ९३.६७, क ९२.१४. काम ब ला.

आकडे तेच, विजेता दुसरा. म्हणून निविदांच्या मूल्यांकनाचा अहवाल हातात आला की आधी निविदा सूचना उघडा आणि वजन छापलंय का बघा. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत बांधकामांसाठी क्यूसीबीएसला वाट आहे, पण गुणवत्तेचं वजन कमाल ३० टक्के, आणि काम आधीच गुणवत्ताप्रधान म्हणून जाहीर झालेलं हवं. वजन सूचनेत नाही आणि अंतिम तक्त्यात मात्र तांत्रिक गुण बेरजेत धरलेले दिसले, तर नियम दर उघडल्यावर बदललाय. तिथे हरकत घ्या. माझं मत विचाराल तर साध्या गटारीला एल-वनच बरी. रेघ मात्र कडक हवी.

आणि ती रेघ कशी लावली, हे अहवालात दिसलं पाहिजे. "अनुभव असमाधानकारक" या शेऱ्याची मला चीड आहे. शेरा असा हवा: "एका समान कामासाठी अट अंदाजपत्रकाच्या ८० टक्के, म्हणजे ७ कोटी २० लाख. जोडलेला पूर्णत्वाचा दाखला ५ कोटींचा, पान ४१. अपात्र." कंत्राटदाराला भांडायचंच असेल तर तो पान ४१ वर तरी भांडेल.