पिशवीच्या तोंडाला टाका: कधी आणि कुणाला

"कळा आल्याच नाहीत मॅडम. रात्री नेहमीसारखी जेवून झोपले. सकाळी बाथरूमला गेले तर खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. दुखलं असतं तर मी आदल्या दिवशीच आले नसते का?"

धायरीहून आलेली तिशीतली एक मुलगी पुण्यातल्या माझ्या ओपीडीत बसून हे सांगत होती. शेजारी तिची आई. दोन वर्षांपूर्वी विसाव्या आठवड्यात मूल गेलं होतं, आता पुन्हा दिवस राहिले होते आणि दहावा आठवडा सुरू होता. आईच्या मनात अजून तोच प्रश्न होता, "जिना चढायला नको होता का हो हिने?" मी आधी त्याचंच उत्तर दिलं. जिन्याने असं होत नाही. गाडीवर बसल्याने नाही, पपईने नाही, बादली उचलल्यानेही नाही.

नंतर मी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. मधल्या महिन्यांत मूल गेलेल्या बाईच्या फाइलमध्ये याहून मोलाचा कागद नसतो. तिच्या कार्डावर थोडक्यात असं लिहिलेलं होतं: आली तेव्हा पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं, पाण्याची पिशवी योनीत उतरलेली, कळा नाहीत, ताप नाही, रक्तस्राव नाही, बाळाचे ठोके व्यवस्थित. दोन तासांत मूल बाहेर आलं. गर्भपात इतर कारणांनी होतो तेव्हा बहुतेक वेळा आधी पोटात दुखतं किंवा रक्त जातं, काही वेळा बाळाचे ठोके आधीच थांबलेले असतात. इथे बाळ ठणठणीत होतं आणि दार मात्र गुपचूप उघडलं होतं. याला आम्ही गर्भाशयमुखाची दुर्बलता म्हणतो.

गर्भाशयमुख, म्हणजे बोलीतलं 'पिशवीचं तोंड', ही साधारण तीन-चार सेंटिमीटर लांबीची जाड भिंतीची नळी असते. ती स्नायूच्या जोरावर बंद राहते असा बहुतेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिच्यात स्नायू थोडाच असतो. भार पेलतात ते कोलॅजनचे, दोरासारखे एकमेकांत गुंतलेले चिवट धागे. दिवस नसताना तपासलं तर हे तोंड बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट लागतं, गरोदरपणात ओठांसारखं मऊ. दिवस भरत आले की धाग्यांची वीण सैल होते, मधे पाणी धरतं, नळी आखूड होते आणि मग कळांच्या जोराने उघडते. काही जणींमध्ये हीच सैल होण्याची क्रिया पाचव्या महिन्यात सुरू होते, कळांशिवाय. गर्भाशय आकुंचन पावत नाही, म्हणून दुखत नाही. फार तर ओटीपोटात जडपणा, कंबरेत हलकी कळ, पांढरं पाणी थोडं जास्त. पण ही लक्षणं पाचव्या महिन्यात निम्म्या बायका सांगतात, त्यामुळे त्यांच्यावरून काही ठरवता येत नाही.

कारण काही वेळा सापडतं: गर्भाशयमुखाचा तुकडा कापून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया, बाळ खूप खाली उतरल्यावर करावं लागलेलं सिझेरियन, जन्मापासून वेगळ्या घडणीचं गर्भाशय. पुष्कळ वेळा काहीच सापडत नाही. धायरीच्या या मुलीतही सापडलं नाही. दिवस राहण्याआधी ही दुर्बलता खात्रीने ओळखणारी चाचणीही नाही.

मग पुढचा प्रश्न आईनेच विचारला. "आता लगेच टाका घालून टाकायचा ना?"

या टाक्याचा इतिहास आपल्या मुंबईतला आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी 1955 मध्ये गर्भारपणातच तोंडाभोवती पट्टी बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पट्टी होती त्या बाईच्याच मांडीतून काढलेल्या चिवट पडद्याची. दोन वर्षांनी मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत मांडली. तिच्यात वरची त्वचा सोडवून मूत्राशय बाजूला सारावं लागत नाही, तोंडाभोवती नुसता धागा ओवून गाठ मारायची. आज जगभर बहुतेक ठिकाणी हाच सोपा टाका घालतात. शिरोडकरांचं नाव मात्र प्रसूतिशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे, आणि मराठी वाचकाला ते ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

पण टाका सोपा आहे म्हणून तो प्रत्येकीला घालायचा नसतो. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 1292 स्त्रिया होत्या. सगळ्या अशा, की त्यांच्या डॉक्टरांना टाका घालावा की नाही याची खात्री नव्हती. निकाल असा आला की साधारण 25 जणींना टाका घातला, तेव्हा एकीचं फार लवकरचं बाळंतपण टळलं. म्हणजे फायदा खरा, पण नेमकी बाई निवडली तरच. ज्यांची तीन किंवा जास्त बाळंतपणं फार लवकर झाली होती किंवा मधल्या महिन्यांत मुलं गेली होती, त्यांच्यात फरक ठळक होता: 33 आठवड्यांच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आलं.

म्हणूनच एकदाच असं झालेल्या बाईबद्दल डॉक्टरांचं एकमत नसतं. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, न दुखता तोंड उघडून एकदा जरी मूल गेलं असेल तरी बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात टाका घालता येतो. ब्रिटनमध्ये नुसत्या इतिहासावरून टाका सुचवण्यासाठी असे तीन प्रसंग पाहतात. एकदोनदा झालं असेल तर सोनोग्राफीने लक्ष ठेवतात आणि तोंड आखूड झालं तरच टाका घालतात. मी हे दोन्ही मार्ग तिच्यासमोर मांडले. तिने थांबून पाहायचं ठरवलं.

इथे सोनोग्राफी कशी करतात याला फार महत्त्व आहे. पोटावरून केलेल्या, लघवी तुंबवून केलेल्या तपासणीवर मी हा निर्णय घेत नाही. भरलेलं मूत्राशय तोंडावर दाब देतं आणि नळी आहे त्याहून लांब दिसते. यासाठी योनीमार्गातून तपासणी लागते, मूत्राशय रिकामं ठेवून. प्रोब हलका धरावा लागतो, कारण तो दाबला तरी लांबी खोटी वाढते. तोंड काही स्थिर नसतं, बघता बघता बदलतं. म्हणून काही मिनिटं थांबून तीन मापं घेतात आणि त्यातलं सगळ्यात लहान धरतात.

तिची मापं अशी आली. सोळाव्या आठवड्यात 36 मिलिमीटर. अठराव्यात 28. तेव्हापासून दर आठवड्याला बोलावलं. एकोणिसाव्यात 26. विसाव्यात 21, आणि आतलं तोंड नरसाळ्यासारखं रुंद झालेलं. दुर्बल तोंड उघडतं ते आतून बाहेर. बाहेरचं टोक अजून बंद असतं, म्हणून बोटाने तपासून सगळं ठीक वाटतं आणि पडद्यावर मात्र पाण्याची पिशवी नरसाळ्यात उतरताना दिसते. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "मला आत्ताही काहीच जाणवत नाहीये."

आधी असं झालेल्या आणि पोटात एकच बाळ असलेल्या बाईत, 24 आठवड्यांच्या आत लांबी 25 मिलिमीटरच्या खाली गेली तर टाक्याचा फायदा चाचण्यांत दिसलेला आहे. तिला ही चौकट नेमकी लागू पडत होती. आधी काहीच झालेलं नसेल आणि सोनोग्राफीत तोंड आखूड दिसलं, तर सहसा टाका नाही, योनीतून घ्यायचं प्रोजेस्टेरॉन देतात. जुळं असेल तर केवळ तोंड आखूड दिसलं म्हणून टाका घालणं योग्य नाही, फायदा सिद्ध झालेला नाही.

टाक्याआधी काही गोष्टी नक्की केल्या: बाळात मोठा दोष नाही, ताप नाही, पाणी गेलेलं नाही, रक्त जात नाही, कळा नाहीत. आत जंतुसंसर्ग असताना तोंड बांधलं तर आजार आत कोंडतो, आणि तो आईच्या जिवावर येऊ शकतो.

कमरेत भूल दिली, मूत्राशय रिकामं केलं. तोंडाच्या पुढच्या आणि मागच्या ओठाला बोथट चिमटा लावून ते हलकेच पुढे ओढलं. मग पाच मिलिमीटर रुंदीची न विरघळणारी पट्टी, दोन टोकांना सुया असलेली. जिथे मूत्राशय संपतं त्याच्या जवळ, जमेल तितकं वर, तोंडाच्या भिंतीत चार-पाच ठिकाणी ती ओवत गोल फिरायचं, बटव्याला नाडी ओवतात तसं. घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी रक्तवाहिन्या असतात, तिथे सुई घालायची नाही. सुई भिंतीत खोल गेली पाहिजे, पण आतल्या पोकळीत नाही, नाहीतर पाण्याची पिशवी फुटते. शेवटी समोर गाठ, आणि टोकं लांब ठेवायची, म्हणजे काढताना सापडतात. वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली.

घरी पलंगाच्या पायाखाली विटा लावायची तयारी आईने केली होती. मी नको सांगितलं. पूर्ण झोपून राहिल्याने मूल टिकतं असं दिसलेलं नाही. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. साधं चालणं-फिरणं ठेवायचं. पाणी गेलं, ताप आला, घाण वासाचा स्राव झाला, रक्त गेलं किंवा ठरावीक अंतराने पोट आवळू लागलं तर रात्र असो की पहाट, लगेच निघायचं. टाका असताना खऱ्या कळा सुरू झाल्या तर तो तातडीने कापावा लागतो, नाहीतर तोंड फाटतं.

पहिल्या वेळी ती आली तशी अवस्था असते, तोंड उघडलेलं आणि पिशवी खाली दिसणारी, तेव्हाही टाका घालता येतो. डोकं खाली, पाय वर असा कल देऊन पिशवी हलकेच आत सारतात. गर्भारपण त्याने सरासरी महिनाभर लांबतं, पण प्रत्येक वेळी नाही, आणि पिशवी फुटण्याचा धोका बराच. योनीतून घातलेला टाका असूनही फार लवकर मूल गेलं असेल, तर पुढच्या वेळी पोटातून, तोंडाच्या मुळाशी टाका घालतात. 2020 च्या एका ब्रिटिश चाचणीत असा पोटातून टाका घातलेल्या स्त्रियांपैकी 32 आठवड्यांच्या आधी बाळंत होणाऱ्या 8 टक्के होत्या. योनीतून पुन्हा खालच्या बाजूला टाका घातलेल्यांमध्ये 33 टक्के. पोटातला टाका असेल तर मात्र सिझेरियन ठरलेलं.

छत्तीस आठवडे पूर्ण झाल्यावर ती टाका काढायला आली. यासाठी बहुधा भूल लागत नाही. चिमट्यात लांब ठेवलेलं टोक धरलं, गाठ किंचित खाली ओढली, तिच्याखालची एक बाजू कात्रीने कापली आणि पट्टी सरकन बाहेर आली. टाका काढला की त्याच दिवशी बाळंतपण होतं असं सगळ्यांना वाटतं, आईनेही पिशवी भरून आणली होती. तसं झालं नाही. ट्रेमधली पांढरी पट्टी तिने मागून घेऊन पाहिली आणि म्हणाली, "एवढीशीच?" अकरा दिवसांनी रात्री दोन वाजता तिचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, आणि या वेळी चांगल्याच दुखत होत्या.