पाऊलगणना, स्मार्टफोनमधील

पाऊलगणना, स्मार्टफोनमधील : फोनमधील गतिसंवेदकाच्या, मुख्यतः त्वरणमापकाच्या म्हणजेच अ‍ॅक्सेलरोमीटरच्या, नोंदींवरून चालणाऱ्याची पावले मोजण्याची रीत. पावलागणिक शरीर किंचित वर उचलले जाते आणि खाली येते. ही चढउतार फोनपर्यंत पोहोचते आणि त्वरणाच्या आलेखात ठरावीक अंतराने येणाऱ्या लाटेसारखी दिसते. ही लाट ओळखणे हा गणनेचा गाभा होय. व्यवहारात दोन अडचणी सोबतच येतात. नोंदी खरखरीत असतात, म्हणून त्या गुळगुळीत कराव्या लागतात. आणि गणना दिवसभर चालवायची असते, म्हणून बॅटरी जपावी लागते. बऱ्याच लेखनात हे दोन प्रश्न वेगवेगळे हाताळलेले दिसतात. वस्तुतः दोन्हींची उत्तरे नमुने किती वेळा घ्यायचे या एकाच निर्णयाशी बांधलेली आहेत.

पावले मोजणाऱ्या यांत्रिक साधनाचे जनकत्व कधी लिओनार्दो दा विंची यांच्या रेखाटनांकडे, तर कधी स्विस घड्याळजी अब्राहम-लुई पेरले यांच्याकडे दिले जाते. रेखाटन आणि चालते यंत्र यांत फरक केला, तर पेरले यांचा सुमारे १७८० मधील दावा अधिक ग्राह्य वाटतो. जपानमध्ये १९६५ मध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, हे कमरेला लावायचे यंत्र विक्रीस आले आणि दहा हजार पावलांचे उद्दिष्ट त्याच्या नावापासूनच रूढ झाले. सोनी एरिक्सन डब्ल्यू७१० आणि नोकिया ५५०० स्पोर्ट या २००६ च्या सुमाराच्या फोनांत ही सोय होती. तिला खरे वळण मिळाले ते २०१३ मध्ये. त्या वर्षी आयफोन ५एसमध्ये एम७ हा गतीच्या नोंदींसाठी वेगळा सहप्रोसेसर आला आणि अँड्रॉइड ४.४ मध्ये पावलांसाठी स्वतंत्र संवेदक-प्रकार आले.

त्वरणमापक फोनच्या तीन अक्षांवरील त्वरण देतो, पण त्यात गुरुत्वाचा परिणाम मिसळलेला असतो. टेबलावर स्थिर ठेवलेला फोनही सुमारे ९.८१ मी./सेकंद² दाखवतो. शिवाय खिशात फोन आडवा, उभा किंवा उलटा कसाही असू शकतो, त्यामुळे कोणत्याही एका अक्षावर भरवसा ठेवता येत नाही. रूढ उपाय असा की तिन्ही अक्षांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घ्यावे, म्हणजे फोनची दिशा गणितातून निघून जाते. नंतर त्या परिमाणातून त्याचीच दीर्घकालीन सरासरी वजा करावी, म्हणजे गुरुत्वाचा वाटाही बहुतांशी निघतो. उरते ती शून्याभोवती वरखाली होणारी लाट.

ही लाट स्वच्छ नसते. टाच जमिनीवर आपटताना तीव्र धक्का बसतो, फोन खिशात हलतो, किल्ल्यांवर आदळतो आणि संवेदकाचा स्वतःचा विद्युत गोंधळही त्यात भर घालतो. परिणामी एका पावलात एकाऐवजी दोन-तीन टोके दिसतात. प्रत्येक टोक मोजले, तर आकडा सहज दुप्पट होतो.

गुळगुळीत करण्याची सर्वांत सोपी पद्धत सरकत्या सरासरीची. तिची मर्यादा उदाहरणाने स्पष्ट होते. मिनिटाला ११० पावले चालणाऱ्या माणसाची वारंवारता सुमारे १.८३ हर्ट्झ असते, म्हणजे एक पाऊल साधारण ०.५५ सेकंदाचे. सेकंदाला ५० नमुने घेतले, तर एका पावलाच्या वाट्याला सुमारे २७ नमुने येतात. पाच नमुन्यांची, म्हणजे ०.१ सेकंदाची, सरासरी घेतल्यास पावलाच्या लाटेची उंची जेमतेम ५ टक्क्यांनी घटते आणि १० हर्ट्झच्या आसपासचा थरथराट जवळजवळ नाहीसा होतो. हीच सरासरी २५ नमुन्यांवर, म्हणजे अर्ध्या सेकंदावर, पसरवली तर लाटेची मूळ उंचीच्या केवळ ९ टक्के उंची उरते. सरासरीची खिडकी आता जवळजवळ पूर्ण पावलाएवढी झालेली असते आणि चढ-उतार एकमेकांना खोडून काढतात. आलेख अतिशय सुबक दिसतो, पण त्यातून पावलेच पुसली गेलेली असतात. अतिगुळगुळीतपणाची खूण अशी की गणना संथ चालीत बऱ्यापैकी बरोबर येते आणि चाल वाढवताच कोसळते.

फोनवर अधिक सोयीची पद्धत घातांकी सरासरीची, कारण तिला मागील नमुन्यांची यादी साठवावी लागत नाही :

```
alpha = dt / (RC + dt)
y = y + alpha * (m - y)
```

येथे `m` हे नवे परिमाण, `y` हे गुळगुळीत झालेले परिमाण, `dt` हे दोन नमुन्यांमधील अंतर आणि `RC` हा कालस्थिरांक होय. ज्या वारंवारतेच्या वरचे चढउतार ही सरासरी अधिकाधिक दाबत जाते, ती तिची छेदवारंवारता. ३ हर्ट्झची छेदवारंवारता हवी असल्यास `RC` सुमारे ०.०५३ सेकंद येतो आणि ५० हर्ट्झच्या नमुनादराला `alpha` सुमारे ०.२७ होतो. बॅटरीचा प्रश्न गुळगुळीतपणाला भिडतो तो इथे. ऊर्जाबचतीसाठी नमुनादर ५० वरून २५ हर्ट्झवर आणला आणि `alpha` मात्र तसाच ठेवला, तर छेदवारंवारता निम्म्यावर, म्हणजे १.५ हर्ट्झवर, घसरते. वरील चालीची लाट पूर्वी मूळच्या सुमारे ८५ टक्के उंचीने पुढे जात होती, ती आता ६३ टक्क्यांवर येते. पाऊल मानण्यासाठी ठेवलेला उंबरठा स्थिर असेल, तर हलकी पावले त्याखाली राहतात आणि मोजली जात नाहीत. बॅटरी बचतीच्या स्थितीत पावले कमी भरतात अशी तक्रार आली, तर प्रथम तपासायची जागा हीच. गाळणीचे, म्हणजे गुळगुळीत करणाऱ्या अशा सूत्राचे, गुणांक नमुन्यांच्या संख्येत न लिहिता नेहमी सेकंदांत लिहावेत आणि प्रत्यक्ष `dt` वरून काढावेत.

नमुनादर कितीही खाली नेता येत नाही. अँड्रॉइडमध्ये `SENSOR_DELAY_NORMAL` हा दर मागितला, तर दोन नमुन्यांत सुमारे २०० मिलिसेकंदांचे अंतर अपेक्षित असते, म्हणजे सेकंदाला पाच नमुने. अशा नोंदींत २.५ हर्ट्झपेक्षा जलद काहीही खरेपणाने उमटत नाही. मिनिटाला १६८ पावलांनी, म्हणजे २.८ हर्ट्झने, धावणाऱ्याची लाट तेथे २.२ हर्ट्झची भासते आणि गणना १३२ पावलांची होते. अशी चूक नंतर कोणत्याही गाळणीने दुरुस्त होत नाही, कारण गाळणीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच माहिती विकृत झालेली असते. हा दर केवळ सूचनेदाखल असल्याने काही फोन त्याहून जलद नमुने देतात आणि दोष विकासकाच्या स्वतःच्या फोनवर दिसतच नाही. व्यवहारात २० ते २५ हर्ट्झ हा दर चालण्या-धावण्यासाठी पुरेसा समजला जातो.

लाटेतून पाऊल कसे ओळखावे याविषयी अभ्यासकांत तीन प्रमुख मते आहेत. एक पक्ष शिखरे शोधतो. दुसरा लाट मध्यरेषा केव्हा ओलांडते ते पाहतो. तिसरा पक्ष लाटेचा तुकडा तिच्याच मागील तुकड्याशी ताडून पाहतो, म्हणजे स्वसहसंबंध काढतो. यात पुनरावृत्तीचा कालावधी थेट मिळतो. केंब्रिज विद्यापीठातील ब्रायदिच आणि हार्ल यांनी २०१३ मध्ये २७ व्यक्तींच्या चालीवर या व इतर पद्धतींची तुलना केली. खिडकीनिहाय शिखरशोध ही साधी पद्धत तीत कितीतरी गुंतागुंतीच्या पद्धतींच्या बरोबरीची ठरली. तिची मध्यक चूक १.३ टक्के होती. साधेपणा आणि कमी गणित हे दोन्ही लक्षात घेता शिखरशोधाकडे झुकणे योग्य दिसते.

शिखरशोधाला दोन आधार मात्र द्यावे लागतात. पहिला, उंबरठा स्थिर न ठेवता अलीकडच्या सेकंदाभरातील कमाल आणि किमान मूल्यांच्या मध्यावर धरावा. मात्र लाटेची एकूण उंची फारच कमी असेल, तर काहीच मोजू नये. दुसरा, दोन पावलांत किमान सुमारे ०.२ सेकंदांचे अंतर असलेच पाहिजे अशी अट घालावी. विजारीच्या पुढील खिशात फोन असताना आणखी एक घोटाळा संभवतो. त्या पायाचे पाऊल मोठी लाट उठवते आणि दुसऱ्या पायाचे लहान. उंबरठा मोठ्या लाटेच्या मानाने चढला, तर एकाच पायाची पावले मोजली जातात आणि आकडा नेमका निम्मा येतो. स्वसहसंबंधाच्या पद्धतीतही सर्वांत ठळक पुनरावृत्ती दोन पावलांच्या जोडीची असते, हे विसरल्यास तीच चूक होते. आकडा निम्म्याच्या जवळ आला तर या कारणाचा आणि दुपटीच्या जवळ आला तर अपुऱ्या गाळणीचा संशय घ्यावा.

बॅटरी नेमकी कोठे खर्च होते, याबद्दल गैरसमज आढळतो. त्वरणमापक स्वतः फारच थोडी वीज घेतो. बॉशच्या बीएमआय१६० या संवेदकाचा केवळ त्वरणमापक चालू असता त्याला सुमारे १८० मायक्रोअँपिअर लागतात. २४ तासांत हे ४.३ मिलिअँपिअर-तास झाले, म्हणजे ४,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीचा सुमारे एक सहस्रांश भाग. खरा खर्च मुख्य प्रोसेसरच्या जागरणाचा. सेकंदाला ५० वेळा नमुना हाताळावा लागला, तर त्याला गाढ झोपेची संधीच मिळत नाही. म्हणून नमुने संवेदकाच्याच साठवणीत साचू देऊन एकगठ्ठा घेतले जातात. बीएमआय१६० ची साठवण १,०२४ बाइटांची आहे. तीन अक्षांच्या एका नोंदीला ६ बाइट लागत असल्याने तीत १७० नोंदी मावतात. २५ हर्ट्झला ही साठवण ६.८ सेकंदांनी भरते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उठण्याऐवजी प्रोसेसर जवळजवळ सात सेकंदांत एकदा उठतो. अँड्रॉइडमध्ये `registerListener` ला कमाल विलंब सांगून ही सोय मागता येते.

गठ्ठ्याने नोंदी घेताना काळाचे भान सुटणे ही वारंवार होणारी चूक आहे. १७० नोंदी कार्यक्रमाला जवळजवळ एकाच क्षणी मिळतात. पावलाची वेळ फोनच्या चालू घड्याळावरून घेतली, तर सर्व पावले एकाच क्षणी पडल्यासारखी दिसतात आणि ०.२ सेकंदांची अट पहिले सोडून बाकी सगळी गिळून टाकते. प्रत्येक नोंदीसोबत येणारा `event.timestamp` हा नॅनोसेकंदांतील काळच वापरावा लागतो. पडदा चालू असताना गणना बरोबर आणि फोन खिशात गेल्यावर अत्यल्प, हे या दोषाचे लक्षण होय.

जेथे अँड्रॉइड फोनमध्ये `TYPE_STEP_COUNTER` हा पावले मोजणारा संवेदक उपलब्ध आहे, तेथे स्वतः लाट तपासण्याचे कारण क्वचितच उरते, कारण ते काम कमी विजेच्या हार्डवेअरवर होते. हा संवेदक फोन सुरू झाल्यापासूनची एकूण पावले देतो. दिवसाचा आकडा हवा असल्यास सुरुवातीचे मूल्य जपून ठेवून वजाबाकी करावी लागते, आणि नवे मूल्य जुन्यापेक्षा लहान निघाल्यास मधे फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला असे समजावे लागते. त्याच्या आकड्याला १० सेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो. पाऊल पडताच प्रतिसाद हवा असेल, तर `TYPE_STEP_DETECTOR` अधिक योग्य. अँड्रॉइड १० पासून दोन्हींसाठी वापरकर्त्याची परवानगी लागते. आयफोनमध्ये `CMPedometer` मागील सात दिवसांपर्यंतची गणना देते, त्यामुळे कार्यक्रम बंद असतानाची पावलेही नंतर मागवता येतात.

अतिसंथ चालीत, विशेषतः पाय घासत चालणाऱ्या वृद्धांत, लाटेची उंची गोंधळाच्या पातळीला येते आणि सर्वच पद्धती कमी मोजतात. हातगाडी किंवा ट्रॉली ढकलताना फोन मनगटाशी असेल तरी असेच होते. खिशातील फोनला ही अडचण कमी जाणवते.